समोरच्याने किल्लेबंदी केली की तिसऱ्या रांगेतून हत्ती नेतो, पण तो दरवेळी अडकतो. नक्की कधी न्यावा?

पांढरं_सोनं (दारव्हा तालुका, यवतमाळ)

नमस्कार मंडळी. वेचणी आटोपली, आता रात्री पट मांडायला वेळ मिळतो. आमच्या पाराजवळ एक रिटायर गुरुजी राहतात. सगळे त्यांना आबाजी म्हणतात. गेले दोन हिवाळे मी त्यांच्याशी खेळतो आहे.

माझी मांडणी ठरलेली असते. d4, e3, f4, c3 ही प्यादी, उंट d3 वर, घोडा e5 वर. मग f1 चा हत्ती f3 वर आणि तिथून h3 वर. काळ्या राजाने छोटी किल्लेबंदी केलेली असते, तेव्हा h7 वर घाव घालायचा. कागदावर हे फार सोपं दिसतं. परवाचा डाव असा झाला:

```
1.d4 d5 2.e3 Nf6 3.Bd3 e6 4.f4 c5 5.c3 b6
6.Nf3 Bb7 7.O-O Be7 8.Ne5 O-O 9.Nd2 a6
10.Rf3 Ne4 11.Nxe4 dxe4
```

शेवटच्या खेळीनंतर मी पटाकडे बघतच राहिलो. e4 वरचं ते एकटं प्यादं माझ्या d3 च्या उंटावर आणि f3 च्या हत्तीवर एकदम बसलं होतं. मी उंटाने प्यादं मारलं, त्यांच्या b7 च्या उंटाने माझा उंट मारला, आणि हत्तीला परत पळावं लागलं. एक मोहरा गेला, पुढे डावही गेला.

विचारायचं एवढंच: हत्ती वर काढायची वेळ कशी ओळखावी? आधी हत्ती की आधी वजीर?

---

तुरीच्या_शेंगा

भाऊ, हत्ती उचलायच्या आधीच विचार करा. स्पर्धेत एकदा हात लावला की तोच खेळावा लागते. नीट ठेवायचा असंल तर आधी "सरळ करतो" म्हणा, मग हात लावा. आमच्या तालुक्याच्या स्पर्धेत एका पोरानं किल्लेबंदी करताना पहिले हत्ती धरला आन् मग राजा. पंचानं किल्लेबंदी करू देली नाई. पहिले राजालेच हात लावावा लागते.

---

पांढरं_सोनं

@तुरीच्या_शेंगा दादा, नियम बरोबर सांगितला, पण मी हात लावण्याबद्दल विचारत नव्हतो. हत्ती पहिल्या रांगेतून तिसऱ्या रांगेत चढवायचा आणि तिथून आडवा राजासमोर न्यायचा, त्याला सगळे रूक लिफ्ट म्हणतात. तेच विचारतो आहे.

---

तुरीच्या_शेंगा

अस्सं होय. मले वाटलं उचलला म्हंजे हातानं उचलला. चालू द्या, मी वाचतो.

---

अचलपूरचा_घोडा

पांढरं_सोनं भाऊ, चूक हत्तीची नाई, 11 व्या खेळीची हाय. घोड्यानं काहून मारलं? उंटानं मारायचं ना. त्यानं प्याद्यानं परत मारलं की हत्तीवर हल्ला येते, तेवढ्यात हत्ती h3 वर गेला की झालं. मोहरा तर वाचते.

आन् वेळेचं म्हणाल तर माझं साधं सूत्र हाय: हत्ती जेवढ्या लवकर निघंल तेवढं बरं. हल्ला म्हंजे माणसं मोजणं. तिकडं त्याचे दोन राखणदार अन् तुमचे तीन घाव घालणारे, तर तुम्ही जिंकलेच. म्हणून मी 8-10 खेळीतच हत्ती बाहेर काढतो.

तुमच्या डावात बी 12 व्या खेळीला उंट जाऊ द्यायचा होता. हत्ती h3 वर, त्यानं उंट खाल्ला की वजीर h5 वर. h7 वर मातच दिसते.

---

पूर्णाकाठ

@अचलपूरचा_घोडा, पहिला मुद्दा अगदी बरोबर. उंटाने मारलं असतं तर मोहरा वाचला असता. पण तो d3 चा उंट गेला की h7 वर डोळा ठेवणारं कोण उरतं? हत्ती h3 वर उभा राहील, पण त्याच्या जोडीला तो तिरका मारा राहत नाही. म्हणजे डाव बरोबरीत राहतो आणि हल्ला मात्र ओसरतो.

आणि ते वजीर h5 वर आणायचं. काळा h6 करेल. मग हत्ती g3 वर आणून g7 दाबायला जा, तर e7 चा उंट f6 वर येतो. एक उंट कमी असताना पुढचा घाव मला तरी सापडत नाही. तुम्हाला सापडला तर खेळ्या लिहा, मी मांडून बघते.

आता मूळ प्रश्न. मी बरीच वर्षं आमच्याकडच्या मुलींना शिकवते आहे, आणि ही चूक इतक्या वेळा बघितली आहे की पट न मांडताही दिसते. तिसऱ्या रांगेत f3 आणि d3 ही दोन घरं e4 वरच्या प्याद्याच्या बरोबर दोन्ही दाढांखाली येतात. उंट d3 वर आहे तोवर f3 वर हत्ती ठेवणं म्हणजे काळ्याला तो दुहेरी वार देऊन ठेवणं. काळ्याला फक्त घोडा e4 वर आणायचा असतो. तुम्ही घोड्याने मारलंत की त्याचं d5 चं प्यादं आपोआप तिथे येऊन बसतं.

म्हणून हत्ती f3 वर ठेवण्याआधी एकच गोष्ट तपासायची: काळ्याचा घोडा आत्ता e4 वर उडी मारू शकतो का, आणि मारली तर माझ्याकडे काय उत्तर आहे?

उत्तर तयार ठेवायचा एक मार्ग म्हणजे आधी वजीर f3 वर. तुमच्याच डावात 10 व्या खेळीला हत्तीऐवजी वजीर f3 वर ठेवा आणि काळ्याला घोडा e4 वर आणू द्या. घोड्याने घोडा मारा, तो प्याद्याने परत मारेल. आता ते प्यादं उंट आणि वजीर दोघांवर आहे, दिसायला आणखी भयंकर. पण तुम्ही उंटाने प्यादं मारता, तो उंटाने उंट मारतो, आणि तुम्ही वजिराने तो उंट मारता. हिशेब करा, तुम्हाला एक प्यादं फुकट मिळालं, शिवाय वजीर a8 च्या हत्तीकडे बघतो आहे. हत्ती f3 वर असता तर e4 वर मारायला हा तिसरा मोहराच नव्हता.

---

मेळघाट_वारा

पूर्णाकाठ ताई, मस्त समजावलं. माझंही एक सांगतो. मी f चं प्यादं पुढे नेत नाही, त्यामुळे f1 च्या हत्तीला वाट नसते. मी a4 करतो आणि a1 चा हत्ती a3 वर काढून तिसऱ्या रांगेतून थेट g3 वर नेतो. समोरच्याला वाटतं मी वजिराकडच्या बाजूला खेळतो आहे.

एकदा मात्र फसलो. समोरच्याचा काळ्या घरांचा उंट e7 वर होता आणि मध्ये c5 वर त्याचंच प्यादं होतं, म्हणून मी बिनधास्त हत्ती a3 वर ठेवला. त्याने c5 च्या प्याद्याने d4 वर मारलं, तशी तिरकी वाट मोकळी झाली आणि उंट थेट माझ्या हत्तीवर. हत्ती काढण्यात एक खेळी गेली आणि तेवढ्यात त्याने मध्ये सगळं उघडलं.

---

पूर्णाकाठ

@मेळघाट_वारा, मध्य उघडतो म्हणालात तेच खरं कारण. हत्तीला वर चढून आडवं जायला कमीत कमी दोन खेळ्या लागतात. मधली प्यादी एकमेकांना भिडून अडकलेली असतील तर काळ्याला त्या दोन खेळ्यांत फारसं काही करता येत नाही. मध्य उघडण्यासारखा असेल तर त्याच दोन खेळ्यांत तो तिथून आत शिरतो, आणि तुमचा हत्ती कडेला h3 वर उभा असतो.

---

अचलपूरचा_घोडा

ताई, तुमचं वजिराचं गणित मांडून पाह्यलं, पटलं. प्यादं येतेच.

पण "लवकर नको" हे मले अजून पटत नाई. लास्करचा बाऊअरविरुद्धचा डाव पाहा. दोन्ही उंट देले अन् हत्तीनं जिंकला. म्हंजे हत्तीवर भरवसा असंल तर बाकीचं सोडून देता येते.

---

पूर्णाकाठ

बरं झालं हा डाव काढलात, कारण तो तुमच्या उलट सांगतो. ॲमस्टरडॅम, 1889. लास्कर तेव्हा वीस वर्षांचा होता. त्यानेही f4, e3 आणि उंट d3 अशीच मांडणी केली होती, दुसरा उंट मात्र b2 वरून मोठ्या तिरक्या रेषेवर. हत्ती कितव्या खेळीला हलला ते बघा:

```
14.Nh5 Nxh5 15.Bxh7+ Kxh7 16.Qxh5+ Kg8
17.Bxg7 Kxg7 18.Qg4+ Kh7 19.Rf3 e5
20.Rh3+ Qh6 21.Rxh6+ Kxh6 22.Qd7
```

19 वी खेळी. त्याआधी काय झालं? 14 व्या खेळीला त्याने घोडा h5 वर टाकला आणि काळ्याचा f6 चा घोडा पटावरून गेला. म्हणजे e4 वर उडी मारणारा घोडाच राहिला नाही. त्याच घोड्याने h7 राखलं होतं, तीही राखण गेली. मग दोन उंट देऊन राजासमोरची प्यादी उडवली. त्यानंतर हत्ती f3 वर आला, तेव्हा पुढची खेळी शह देऊन होणार होती.

मी मुलींना इथे थांबवून विचारते, की 19 व्या खेळीला काळ्याने काय करावं? त्याच्याकडे एकच खेळी आहे. g च्या रांगेवर पांढरा वजीर बसलेला, त्यामुळे राजाला तिकडे पाऊल टाकता येत नाही. हत्ती h3 वर शह देईल तेव्हा उंट मध्ये h4 वर घातला तर हत्ती तो खाऊन मात करतो. वजीर c6 वर आहे, पण h6 पर्यंत जायला मध्ये स्वतःचं e6 चं प्यादं आडवं. म्हणून त्याने e5 केलं, वजिराला वाट करून दिली आणि वजीर देऊन मात टाळली. पण मग पांढरा वजीर d7 वर गेला, आणि b7 आणि e7 चे दोन्ही उंट एकदम माऱ्यात.

यात हत्तीच्या दोन खेळ्या मोजा. पहिलीला काळ्याला एक खेळी मिळाली, दुसरी शह देऊन झाली म्हणून तिला काहीच मिळालं नाही.

---

बुलडाण्याचं_आभाळ

ताई, हे वाचून रात्री साडेअकराला पट काढला. घरच्यांनी दिवा बंद करायला सांगितलाय, मोबाइलच्या उजेडात मांडतोय.

---

नेर_चा_बाप

माझी मुलगी पाचवीत आहे. नागपूरची दिव्या देशमुख 2025 मध्ये बटुमीला महिलांचा वर्ल्ड कप जिंकली, तेव्हापासून तिला बुद्धिबळाचं वेड लागलं. या धाग्यातलं तिला वाचून दाखवलं. तिचा प्रश्न जसा आहे तसा लिहितो: "हत्ती आणि वजीर दोघंही h च्या रांगेत आणायचे, तर पुढे कोण आणि मागे कोण?"

---

पूर्णाकाठ

@नेर_चा_बाप, मुलीला सांगा, प्रश्न फार चांगला विचारला.

h7 वर मात करायची असेल तर वजीर पुढे, हत्ती त्याच्या मागे. समजा वजीर h4 वर आणि हत्ती h3 वर आहे. काळा राजा g8 वर, त्याचा हत्ती f8 वर, आणि h7 चं प्यादं अजून तिथेच. आता h7 राखणारा खरा पहारेकरी f6 चा घोडा. तो h5 वर आडवा आला तर वजीर त्यालाच खातो, आणि दुसरीकडे कुठेही हलला की वजीर h7 वर घुसतो. मागे हत्ती असल्यामुळे राजाला वजीर मारता येत नाही, f8 वर त्याचाच हत्ती बसलेला, म्हणून मात. घोड्याला कुणी बांधलेलं नाही, तरी त्याला जागचं हलता येत नाही. अशा वेळी आपला e5 चा घोडा g4 वर आणायचा. काळ्याने तो मारला तर h7 वर मात.

तिला आणखी एक गोष्ट दाखवा. काळ्याचा घोडा f6 वर असेल तोवर वजीर सरळ h5 वर नेऊ नये, घोडा खाऊन टाकेल. d1 वरून e1 आणि तिथून h4, ही वाट जवळची.

---

अचलपूरचा_घोडा

इथंच तुमाले पकडतो ताई. वजीर आधी h4 वर गेला, हत्ती अजून f1 वरच, अन् काळ्याचा उंट e7 वर. आता त्यानं घोडा e4 वर टाकला तर मागून उंटाचा मारा वजिरावर उघडते. वजिराले पळावं लागते. म्हंजे वजीर आधी नेला तरी तोच e4 चा घोडा नडते. मग माझं हत्ती आधी काय वाईट?

---

पूर्णाकाठ

हे बरोबर पकडलंत. h4 वरचा वजीर मागे हत्ती नसेल तर उघडाच असतो. म्हणून मी e1 वरून h4 ची घाई करत नाही, आधी f3 वर ठेवते. पण f3 वर वजीर बसला की हत्तीची वाट अडते, हेही खरं. वजीर तिथून h3 ला गेला तर मग हत्ती g3 वर. ती मांडणी वेगळी, तिथे g7 वर मारा असतो. आधी कोण, याचं एकच उत्तर मी देणार नाही. e4 कोण राखतंय त्यावर ते ठरतं.

अजून एक सांगायचं राहिलं. आबाजींनी c5 चं प्यादं c4 वर ढकललं तर घाबरू नका. तुमचा उंट d3 वरून c2 वर जातो, त्याच तिरक्या रेषेवर राहतो, आणि e4 च्या दुहेरी वारातून सुटतो. मध्यही आवळला जातो. मग हत्ती f3 वर काढायला हरकत नाही.

---

तुरीच्या_शेंगा

मी इथं नुसता वाचायले बसलो होतो, आता पट आणावा लागंल.

---

पांढरं_सोनं (नऊ दिवसांनी)

मंडळी, काल बाजाराचा दिवस होता, आबाजी पारावर लवकर आले. डाव मांडला. 9 व्या खेळीला घोडा d2 वर ठेवला आणि वजीर f3 ला न्यायचं मनात धरून बसलो होतो. तेवढ्यात त्यांनी प्यादं c4 वर ढकललं. ताईंचं वाक्य आठवलं.

```
9...c4 10.Bc2 b5 11.Rf3 Ne4 12.Nxe4 dxe4
13.Rh3 Nd7 14.Qh5 Nf6 15.Qh4 Nd5 16.Qxh7#
```

त्यांनी पुन्हा तोच घोडा e4 वर टाकला. मी पुन्हा घोड्यानेच मारलं. या वेळी त्यांच्या प्याद्यासमोर फक्त हत्ती होता, तो h3 वर गेला, काही गेलं नाही. वजीर h5 वर नेला तेव्हा त्यांनी दुसरा घोडा f6 वर आणून h7 राखलं आणि वजिराला हुसकावलं. मी h4 वर आलो. वजीर पुढे, हत्ती मागे, अगदी त्या पाचवीतल्या मुलीच्या प्रश्नासारखं.

मग आबाजींनी घोडा d5 वर नेला. मागून e7 चा उंट माझ्या वजिरावर उघडला, आणि ते माझ्याकडे बघत सुपारी कातरत बसले. मी वजीर h7 वर ठेवला. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला, पट जवळ ओढला, आणि माझा h3 चा हत्ती बोटाने दाखवून म्हणाले, "हा मले दिसलाच नाई रे."

@अचलपूरचा_घोडा दादा, शेवटी हत्ती आधी आणि वजीर नंतर असंच झालं.

---

अचलपूरचा_घोडा

पाह्यलं ना! तरी कबूल करतो, उंट c2 वर नसता तर 12 व्या खेळीलेच पुन्हा तो दुहेरी वार बसला असता.

---

पूर्णाकाठ

अभिनंदन! डाव मांडला. पण 15 व्या खेळीला आबाजींनी h6 केलं असतं तर? e4 च्या प्याद्याने तुमच्या c2 च्या उंटाची वाट अडवलेली आहे, त्यामुळे h7 वर फक्त वजीर आणि हत्ती उरतात. c1 चा उंट आणि a1 चा हत्ती अजून घरीच. मला घोडा g4 वर आणायचा मोह होतो, पण तो मारला गेला की वजिराने परत मारावं लागतं, आणि मग वजीर h च्या रांगेवरून हटतो. तुम्ही काय केलं असतं?

---

पांढरं_सोनं

तोच विचार मी रात्री करत होतो. g2 चं प्यादं दोन घरं ढकलून g4 आणि मग g5 करावं, असं वाटतं. पण माझा राजा g1 वरच आहे आणि b7 च्या उंटाची रेष e4 च्या प्याद्याने तात्पुरती बंद आहे. ते प्यादं हललं तर काय, ते अजून दिसत नाही.

---

मेळघाट_वारा

e4 चं प्यादं हलायला आधी e3 हटावं लागेल ना? मला तरी वाटतं g4 चालेल.

---

पूर्णाकाठ

e3 चं प्यादं हटायची गरज नाही, दुसरंही कुणी ते e4 खाऊ शकतं. थांबा, आज शनिवार, मुली दुपारी येतात. त्यांच्यासमोर h6 पासून मांडते आणि g4 च्या खेळ्या संध्याकाळी इथे लिहिते.